अँटीक म्हणू, व्हिंटेज म्हणू, की सरळ 'वापरलेलं' म्हणू?

"सासूबाई गेल्यानंतर घर आवरायला घेतलं. त्यात सिंगरचं हाताने फिरवायचं काळं शिवणयंत्र, लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ आणि एक पितळी टेबलदिवा विकायला काढला. पुतण्याने ऑनलाइन जाहिरात टाकून दिली: 'शंभर वर्षांहून जुनं अँटीक व्हिंटेज वारसा शिवणयंत्र, चालू स्थितीत.' मशीनवरच्या बिल्ल्यावर १८५१ आहे, हा त्याचा पुरावा. पण आत्याबाई म्हणतात, सासूबाईंनी ते लग्नानंतर कुणाकडून तरी वापरलेलंच घेतलं होतं. आता एका ताईंनी आगाऊ पैसे पाठवलेत आणि त्या विचारताहेत, नक्की कोणत्या सालचं? नुसतं 'सेकंडहँड' लिहिलं तर भंगाराचा भाव येईल, असं घरचे म्हणतात. मला खोटं बोलायचं नाही आणि वस्तू मातीमोलही करायची नाही. तिन्ही वस्तूंचे फोटो सोबत पाठवते आहे. कोणता शब्द वापरू?"
— एक वाचक

नमस्कार,

शब्दांकडे नंतर वळू. आधी त्या ताईंना उत्तर द्या, कारण त्यांचे पैसे तुमच्याकडे आहेत आणि ते एका वाक्यावर विश्वास ठेवून आलेले आहेत. तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून मशीन शंभर वर्षांचं नाही, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. ते कसं, ते पुढे सांगते. मशीन बांधून पाठवण्याआधी, आजच, असं काहीसं कळवा: "ताई, जाहिरातीत मशीन शंभर वर्षांहून जुनं असल्याचं लिहिलं होतं, ते चुकीचं आहे. नंबरावरून ते १९५० च्या आसपासचं दिसतं. नंबराचा आणि बिल्ल्याचा फोटो सोबत देते. जाहिरातही दुरुस्त करते आहे. हे कळल्यावर नको वाटत असेल तर पैसे आजच पूर्ण परत करते, हवं असेल तर रकमेबद्दल पुन्हा बोलू." पुतण्याने टाकली, मला माहीत नव्हतं, वगैरे लिहू नका. त्यांना त्याच्याशी देणंघेणं नाही.

आता तो बिल्ला. त्यावरचं १८५१ खरं आहे, पण ते तुमच्या मशीनचं जन्मसाल नाही. फोटो मोठा करून पाहा. पितळी बिल्ल्याभोवती निळी कड आहे आणि १८५१ च्या पुढे १९५१ ही आहे, रंग उडाल्यामुळे ते चटकन दिसत नाही. आयझॅक सिंगरला शिवणयंत्राचं पेटंट १८५१ मध्ये मिळालं आणि कंपनीही त्याच वर्षीची. १९५१ मध्ये शंभरी पूर्ण झाली, त्या निमित्ताने हा खास बिल्ला मशीनवर बसवला गेला. शंभर वर्षं कंपनीची आहेत. पुतण्याने मुद्दाम खोटं लिहिलं असं मला वाटत नाही, हा घोटाळा अनेकांचा होतो. वस्तूवर छापलेलं साल बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाचं तरी असतं: कंपनीच्या स्थापनेचं, पेटंटचं, कुठल्याशा प्रदर्शनात मिळालेल्या पदकाचं. पेटंटचं साल एवढंच सांगतं की वस्तू त्याच्या आधीची नाही. त्यानंतर तीस वर्षांनी बनलेल्या वस्तूवरही तेच साल असू शकतं.

बिल्ल्यापेक्षा नंबर जास्त भरवशाचा. मशीनच्या पाटावर उजव्या बाजूला, उभ्या खांबाच्या पायथ्याशी, धातूत ठोकलेली 'ईजी' ही दोन अक्षरं आणि पुढचे सहा आकडे तुमच्या फोटोत स्पष्ट आहेत. १९०० पासून सिंगरच्या नंबरांआधी अक्षर येऊ लागलं आणि अक्षरावरून कारखाना कळतो. 'ई'ने सुरू होणारी दोन अक्षरांची मालिका स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याची, आणि ती १९३० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची आहे. म्हणजे नुसती पहिली दोन अक्षरं पाहूनच 'शंभर वर्षांहून जुनं' हा दावा गळून पडतो. 'ईजी' ही मालिका १९५० च्या आसपासची. नंबरांच्या याद्या संग्राहकांनी जपून ठेवल्या आहेत आणि त्या ऑनलाइन सहज सापडतात, पूर्ण नंबर घेऊन तुम्ही स्वतः पडताळा.

यादी वाचताना एक मेख असते. यादीत जी तारीख दिसते ती नंबरांचा गठ्ठा कारखान्याला नेमून दिल्याची असते. त्या गठ्ठ्यातलं शेवटचं मशीन बाहेर पडायला पुढे कितीतरी महिने लागत, कधी वर्षही उलटे. म्हणून यादीतली तारीख उचलून 'अमुक महिन्यात बनलेलं' असं लिहिणं म्हणजे जरा जास्तच झालं. तुमच्या बाबतीत नंबर १९५० च्या आसपासचा आणि बिल्ला १९५१ चा, दोन्ही एकमेकांशी जुळतात. तेव्हा 'सुमारे १९५०–५१' हे प्रामाणिक उत्तर. बिल्ला आणि नंबर यांचं भांडण असतं तर मी नंबराच्या बाजूने उभी राहिले असते. बिल्ला दोन खिळ्यांवर बसलेला असतो, एकाचा काढून दुसऱ्याला लावता येतो.

आता शब्द. घरातली चर्चा अशी दिसते की सगळ्यात वर अँटीक, त्याखाली व्हिंटेज, मग वारसा आणि तळाला सेकंडहँड, आणि तुम्ही शक्य तितक्या वरच्या पायरीवर उभं राहायचं. पण हे शब्द एका जिन्याच्या पायऱ्या आहेत का, हे आधी विचारायला हवं. अँटीक आणि व्हिंटेज वस्तूच्या वयाबद्दल बोलतात. वारसा ती कुणाकडून कुणाकडे आली याबद्दल बोलतो. सेकंडहँड एवढंच सांगतो की आधी कुणीतरी वापरली आहे. एकच वस्तू एकाच वेळी व्हिंटेज, वारशाची आणि सेकंडहँड असू शकते, किंबहुना बहुतेक जुन्या वस्तू तशाच असतात. त्यामुळे एक शब्द निवडून बाकीचे टाकायचे, हा पेचच मुळात नाही. प्रत्येक शब्द वेगळं विधान करतो. ते विधान तुम्हाला कशावरून करता येतं, एवढंच पाहायचं.

वयाच्या शब्दांना ठिकठिकाणी मोजमाप ठरलेलं आहे आणि ते सगळीकडे एक नाही. अँटीक म्हणजे शंभर वर्षांहून जुनी वस्तू, हा संकेत विक्रेत्यांनी हवेतून काढलेला नाही. त्यामागे आयात मालावरची जकात आहे. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यात १८३० च्या आधीच्या वस्तूंना अँटीक म्हणून सूट होती. १९६६ मध्ये ती ठरावीक सालाची रेषा काढून 'शंभर वर्षांहून जुनी' अशी सरकती रेषा आणली गेली. जगभर वापरल्या जाणाऱ्या जकातीच्या वर्गीकरणातही ९७०६ या क्रमांकाखाली शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात. म्हणजे हा शब्द परदेशी पाठवायच्या पार्सलच्या कागदावर लिहिला की ते सरकारदरबारी केलेलं निवेदन होतं, आणि तिथे 'पुतण्या म्हणाला' चालत नाही. उलट दिशेनेही जपावं लागतं. वस्तू खरोखरच शंभरी ओलांडलेली असेल तर ती विकायला किंवा देशाबाहेर पाठवायला अनेक देशांत बंधनं आहेत, हस्तिदंताची मूठ वगैरे असेल तर आणखीच. तेव्हा तशी वस्तू हाती लागली तर जाहिरातीआधी आपल्या देशाचा नियम वाचावा.

व्हिंटेजचं प्रकरण जास्त सैल आहे. एट्सी या ऑनलाइन बाजारात किमान वीस वर्षांपूर्वीची वस्तू व्हिंटेज म्हणून टाकता येते. जुन्या मोटारींच्या जगात मात्र या शब्दाला फार आवळलेला अर्थ आहे. पहिल्या महायुद्धानंतर ते १९३० च्या अखेरपर्यंतच्या गाड्या तिथे व्हिंटेज, पुढच्यांना दुसरी नावं. एकाच शब्दावर कपडे विकणारा आणि गाड्या विकणारा एकमेकांशी तासभर वाद घालू शकतील आणि दोघंही बरोबर असतील. म्हणून माझा आग्रह असा की व्हिंटेज शब्द एकटा सोडू नका, त्याला साल किंवा दशक जोडा. 'व्हिंटेज, सुमारे १९५०–५१' असं लिहिलं की वाचणाऱ्याला शब्दाचा अर्थ लावत बसावा लागत नाही. तुमचं मशीन व्हिंटेज आहे. अँटीक व्हायला त्याला १९५० च्या पुढे शंभर वर्षं जावी लागतील, तोवर ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरात असेल.

पुतण्या म्हणेल, लोक 'अँटीक' असंच शोधतात, मग तो शब्द मथळ्यात नको तर खाली टॅगमध्ये तरी टाकू. माझ्या मते टॅगसुद्धा विधानच आहे. शोधणाऱ्याने शंभर वर्षांची अट घातली आणि तुम्ही त्या अटीत बसत नसताना त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिलात, तर फसवणूक मथळ्याऐवजी टॅगमधून झाली, एवढाच फरक. शिवाय त्यात फायदाही फारसा नाही. सिंगरने ही मशीनं लाखोंच्या संख्येने बनवली आणि ती टिकली, त्यामुळे खरोखर शंभर वर्षांचं सिंगरसुद्धा आपोआप दुर्मीळ होत नाही. वय आणि दुर्मीळपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाव ठरवताना इतरांनी किती मागितलंय ते पाहू नका, तेच मॉडेल प्रत्यक्षात कितीला विकलं गेलंय ते पाहा. मागितलेली किंमत ही इच्छा असते.

आणि हे मशीन घेणार कोण, याचाही विचार करा. तुमच्या फोटोत छोट्या पट्टीवर '१५के' वाचता येतं. या मॉडेलला आजही सर्रास मिळणारी, एका बाजूने सपाट दांड्याची घरगुती सुई चालते, आणि त्याचं बॉबिनही अजून बनतं. म्हणजे हे मशीन शिवणाऱ्याच्या कामाचं आहे. अशा माणसाला 'अँटीक' शब्द दूर लोटतो, त्याला वाटतं ही शोभेची वस्तू. त्याला हवं असतं 'वापरलेलं, तपासलेलं, शिवून पाहिलेलं'. घरच्यांना ज्या शब्दाची भीती वाटते त्याच कुळातला हा शब्द आहे, फक्त त्याच्या जोडीला काम केल्याचा दाखला आहे. 'सेकंडहँड' एकटं पडलं की भंगार वाटतं, हे खरंय. म्हणून ते एकटं पडू द्यायचं नाही.

तो दाखला असा मिळवा. पुतण्याने 'चालू स्थितीत' लिहिलंय, पण ते बहुधा चाक फिरतं एवढ्यावर. चाक फिरणं आणि टाका पडणं यात बरंच अंतर असतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनमधलं तेल वाळून चिकट होतं, तेव्हा आधी मशीनसाठीचं पातळ तेल प्रत्येक सांध्यात थेंबभर सोडून एक दिवस तसंच राहू द्या. नवी सुई लावा. वरून पांढरा आणि बॉबिनमध्ये रंगीत दोरा घ्या, सुती कापड दुपदरी करून वीतभर शिवा. कापड उलटून दोन्ही बाजूंचे जवळून फोटो घ्या. वरच्या बाजूला रंगीत दोऱ्याचे ठिपके दिसत असतील तर ताण जमलेला नाही. तो जमवता आला तर उत्तम, नाही आला तर तसं लिहा. टाके सुटत असतील, चाक जड फिरत असेल, तेही लिहा. शिवून पाहणं जमतच नसेल तर 'चाक फिरतं, शिवून पाहिलेलं नाही' असं लिहा. 'चालू स्थितीत' या दोन शब्दांपेक्षा वीतभर शिवणीचा फोटो जास्त बोलतो, आणि उद्या तक्रार आलीच तर तोच तुमच्या बाजूने उभा राहतो.

फोटोआधी मशीन चकचकीत करायचा मोह होईल. त्या काळ्या अंगावरच्या सोनेरी नक्षीवर लाखेचा पातळ थर असतो आणि स्पिरिटने तो विरघळतो. एका पुसण्यात सोनेरी वेलबुट्टी फडक्यावर येते. थोडं शिवणयंत्राचंच तेल मऊ फडक्यावर घेऊन पुसलं तरी पुरे. जिथे शिवणाऱ्याचा हात सतत घासून नक्षी गेली आहे, पाटाच्या पुढच्या कडेला, तिथला फोटो आवर्जून द्या. कुणी नव्याने नक्षी चिकटवली असेल, रंग मारला असेल, तर तेही सांगायचं असतं. तुमच्या मशीनवर तसं काही दिसत नाही. हँडलचा मुलामा मात्र बाकीच्या धातूपेक्षा ताजा दिसतो. अशी हँडलं नवी मिळतात, कदाचित बदललेलं असेल. तुम्हाला माहीत नसेल तर 'हँडल मूळचं आहे का, ते सांगता येत नाही' हे वाक्य पूर्ण प्रामाणिक आहे. विकणाऱ्याला सगळं माहीत असायलाच हवं असा नियम नाही.

वारसा हा शब्द मला या सगळ्यात नाजूक वाटतो. नव्या कोऱ्या वस्तूंच्या जाहिरातीतही हल्ली 'वारसा जपणारं' असलं काहीबाही असतं, त्यामुळे तो आधीच सवंग झालाय. पण तुम्ही तो लिहिलात तर वाचणारा काय समजेल? पिढ्यानपिढ्या एकाच घरात, कदाचित पहिल्या दिवसापासून. आत्याबाईंचं खरं असेल तर पहिल्या मालकाचं घर वेगळंच होतं. त्याने तुमच्या आठवणीचं मोल कमी होत नाही, पण विकत घेणाऱ्याला आठवण विकता येत नाही. त्याला देता येतो तो इतिहास, जेवढा माहीत आहे तेवढा: 'सासूबाईंनी हे वापरलेलं विकत घेतलं आणि पुढे स्वतः वापरलं. त्याआधीचे मालक माहीत नाहीत.' मला विचाराल तर 'वारसा' या एका शब्दापेक्षा या दोन वाक्यांत जास्त वजन आहे. आत्याबाईंना निवांत विचारा, साधारण कधी, कुणाकडून. खोक्यात जुनी पावती, सूचनापुस्तिका, सासूबाईंचा मशीनसोबतचा फोटो सापडतोय का पाहा. पुस्तिकेवरचं साल पुस्तिकेचं असतं हे लक्षात ठेवून तीही मशीनबरोबर द्या. फोटो जाहिरातीत टाकायचा तर आधी घरच्यांना विचारून घ्या.

वारसा म्हटलं की वारसही आले. दीर, नणंदा, आत्याबाई, यांपैकी कुणाला मशीन हवं असू शकतं, किंवा विकायलाच नको असू शकतं. तुमच्या पत्रात त्यांना विचारल्याचा उल्लेख नाही. विचारलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर त्या ताईंना 'मशीन तुमचंच' असं पक्कं सांगण्याआधी दोन-चार फोन करा. जाहिरातीतली सगळ्यात मूलभूत गोष्ट, जी कुणी लिहीत नाही, ती ही की वस्तू विकायचा हक्क विकणाऱ्याला आहे.

घड्याळाकडे वळते. ते पाहून मला जरा हळहळ वाटली. तबकडीवर चावी घालायची दोन भोकं आहेत, एक चालवायच्या आणि दुसरं टोल्यांच्या स्प्रिंगसाठी. पण पेटी उघडून काढलेल्या फोटोत तबकडीमागे काळी प्लॅस्टिकची डबी आणि बॅटरी दिसते. भोकांच्या मागे काहीच नाही. कुणीतरी कधीतरी मूळ यंत्र काढून बॅटरीचं बसवलंय. लंबक हलतो तो दिखाव्याला, वेळेशी त्याचा संबंध नाही. अशा घड्याळाला 'व्हिंटेज लंबकाचं घड्याळ, चालू' म्हटलं तर सुटा सुटा प्रत्येक शब्द खरा ठरेल, आणि वाक्य खोटं. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त चालणारं खोटं. मथळाच असा द्या: 'जुन्या लाकडी पेटीत नंतर बसवलेलं बॅटरीचं घड्याळ.' तबकडीच्या तळाशी इंग्रजीत 'मेड इन जर्मनी' आहे. अमेरिकेच्या एका जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं झालं, म्हणून असं नाव असलेली वस्तू बहुधा त्यानंतरची. पण ही झाली आधीच्या बाजूची हद्द. पुढे ती १९०० ची की १९६० ची, हे त्यावरून कळत नाही. तेव्हा 'पेटीचा काळ निश्चित माहीत नाही' एवढंच लिहा. माळ्यावरच्या डब्यात कुठे दातेरी चाकांचं पितळी यंत्र पडलंय का, ते नक्की शोधा. सापडलं तर घड्याळाची सगळी कथा बदलते. ते सोबत द्या आणि तसं लिहा, दुरुस्त करणारा कुणीतरी त्यासाठीच घेईल.

दिव्याच्या बैठकीखालचा फोटो तुम्ही पाठवलात हे बरं झालं. चारही स्क्रूंच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच आहे. हेन्री फिलिप्सचे हे स्क्रू १९३६ च्या सुमारास वापरात आले, त्यामुळे मुळात असे स्क्रू असलेली वस्तू त्याआधीची नसते. एखादाच असा स्क्रू असता तर मी म्हटलं असतं की नंतरची दुरुस्ती. पण चारही एकसारखे, जुन्या भोकांची खूण कुठेच नाही, वायरीला साच्यातून काढलेली प्लॅस्टिकची पिन. त्यात पितळेचा काळपटपणा सगळीकडे सारखाच, बटणापाशीही, जिथे बोटांनी घासून धातू उजळायला हवा होता. हा रंग औषध लावून आणलेला दिसतो. बनवणाऱ्याने कुणाला फसवायला बनवला असेल असं नाही, जुन्या धाटणीच्या वस्तू उघडपणे विकल्या जातातच. तुम्ही त्याला 'जुन्या धाटणीचा पितळी दिवा, वापरलेला' म्हणा. 'व्हिंटेज स्टाइल' असं लिहू नका, कारण शोधताना दुसरा शब्द गळतो आणि पहिला तेवढा उरतो. वायर तपासून घेतली नसेल तर तेही लिहा. विजेच्या वस्तूत ही बाब वयापेक्षा महत्त्वाची आहे.

मशीनची जाहिरात मी लिहिली असती तर साधारण अशी:

"सिंगर १५के, हाताने चालवायचं शिवणयंत्र. व्हिंटेज, सुमारे १९५०–५१. वापरलेलं. साल पाटावरच्या 'ईजी' मालिकेच्या नंबरावरून आणि कंपनीच्या शताब्दी बिल्ल्यावरून काढलं आहे, दोन्हींचे फोटो दिले आहेत. सासूबाईंनी हे वापरलेलं विकत घेतलं आणि स्वतः वापरलं, आधीचे मालक माहीत नाहीत. तेल घालून, नवी सुई लावून दोन पदरी सुती कापडावर शिवून पाहिलं, शिवणीचे दोन्ही बाजूंचे फोटो पाहा. जाड कापडावर पाहिलेलं नाही. पाटाच्या पुढच्या कडेची सोनेरी नक्षी झिजली आहे. हँडल बदललेलं असू शकतं. सोबत तीन बॉबिन."

बॉबिनची संख्या मी उगाच घातली, तुमच्याकडे असतील तितकी लिहा. शिवून पाहिल्याचं वाक्य प्रत्यक्ष शिवून झाल्यावरच लिहा, आणि निकाल वेगळा निघाला तर वाक्यही वेगळं. एक गोष्ट पाहा, या मजकुरात 'दुर्मीळ', 'अप्रतिम', 'आता असं मिळत नाही' काहीच नाही आणि तरी मशीन गरीब दिसत नाही. घेणाऱ्याला जे विचारावंसं वाटेल ते सगळं त्यात आधीच आलंय.

जुनी जाहिरात गुपचूप खोडून नवी टाकू नका. ज्यांनी आधी चौकशी केली असेल त्यांनाही बदल कळवा, कारण त्यांच्या डोक्यात अजून शंभर वर्षंच आहेत. आणि मशीन ज्यांच्याकडे जाईल त्यांना हाच मजकूर कागदावर लिहून, खाली तारीख घालून, पेटीत ठेवून द्या. दहा वर्षांनी ते मशीन पुन्हा विकायला निघेल तेव्हा बिल्ल्यावरचं १८५१ पुन्हा कुणीतरी वाचणारच आहे.